वाचून कायम केले

कॉलेजातल्या कुठल्याही विभागाची सभा असो, विषयपत्रिकेवरचा पहिला विषय ठरलेला असतो : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ विभागप्रमुख वही उघडतात, मजकूर वाचून दाखवतात, दोघे-तिघे माना हलवतात, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. हे सगळे दोन-तीन मिनिटांत उरकते. पण त्या ‘कायम’ शब्दाचा अर्थ कागदोपत्री फार पक्का आहे. मागच्या सभेत कोणाला किती तास शिकवायला दिले, कोणता तास कोणत्या खोलीत ठेवला, परीक्षेला कोणी कोणत्या दिवशी पर्यवेक्षण करायचे, यावर आता शिक्कामोर्तब झालेले असते. उद्या यावरून वाद झाला, तर कोणाला काय आठवते हे विचारले जात नाही. वहीत काय लिहिले आहे ते पाहिले जाते.

या वहीला कॉलेजात कोणी ‘प्रोसिडिंग’ म्हणतात, कोणी ‘मिनिट्स बुक’, तर कोणी नुसतेच ‘सभेची वही’. बाहेरच्या माणसाला ती रूक्ष वाटते. त्यात सगळे तास, तुकड्या, बॅचेस, ब्लॉक. पण वर्षाच्या सुरुवातीच्या सभेचे एखादे इतिवृत्त नीट उलगडून वाचले, की एका विभागात वर्षभर कोणाच्या वाट्याला काय येणार आहे, ते त्या दोन पानांत दिसते.

समजा, एका अनुदानित कॉलेजातला रसायनशास्त्र विभाग आहे. मंजूर पदे पाच, भरलेली तीन. त्यात विभागप्रमुख सहयोगी प्राध्यापक, बाकी दोघे सहायक प्राध्यापक. जूनच्या मध्यावर पहिली सभा बसते आणि पहिला मोठा प्रश्न येतो तो कार्यभाराचा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्रत्यक्ष अध्यापनाचे आठवड्याचे तास ठरवून दिले आहेत : सहायक प्राध्यापकाला १६, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. (काही कॉलेजांमध्ये तास ४८ मिनिटांचा असतो. तिथे १६ तास म्हणजे नेमक्या २० तासिका. ‘तास’ आणि ‘तासिका’ हे शब्द इतिवृत्तात एकमेकांच्या जागी वापरले, की हिशेब तिथेच चुकतो.) म्हणजे या विभागातल्या तिघांची मिळून क्षमता १४ अधिक १६ अधिक १६, एकूण ४६ तास.

आता काम किती आहे ते पाहू. दोन क्रेडिटच्या लेखी विषयाला सत्रात ३० तास लागतात, म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला २. दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाला दुप्पट, म्हणजे आठवड्याला ४. प्रथम वर्षाला १६० विद्यार्थी, दोन तुकड्या, दोन विषय, त्याचे ८ तास. द्वितीय वर्षाचे तीन विषय, ६ तास. तृतीय वर्षाचे पाच, १० तास. लेखी विषयांचे एकूण २४. प्रात्यक्षिकाला या विभागात २० जणांची एक बॅच धरतात. म्हणून प्रथम वर्षाच्या ८ बॅचेस, द्वितीय वर्षाच्या ६० विद्यार्थ्यांच्या ३, आणि तृतीय वर्षाच्या एकाच बॅचची दोन प्रात्यक्षिके. आठवड्याला १३ प्रात्यक्षिके, प्रत्येकी ४ तास, म्हणजे ५२. दोन्ही मिळून ७६.

७६ मधून ४६ वजा केले, की ३० तास उरतात. दोन पदे रिकामी आहेत, ती या ३० तासांत दिसतात. हे तास घेण्यासाठी तासिका तत्त्वावर शिक्षक नेमायचे असतात आणि त्यांच्या मानधनाच्या देयकाला आधार म्हणून कार्यभाराचा हा तक्ता विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयापर्यंत जातो. कार्यभाराच्या इतिवृत्तातल्या एका आकड्यावर चार तरुण शिक्षकांचे मानधन अवलंबून असते, हे लिहिणाऱ्याने लिहिताना विसरता कामा नये.

आता हाच विषय इतिवृत्तात कसा लिहिला जातो ते पाहा. अनेक वह्यांमध्ये या ठिकाणी एकच वाक्य सापडते : ‘कार्यभाराबाबत सविस्तर चर्चा झाली व सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण त्यातून काहीही कळत नाही. कोणता कार्यभार, किती, कोणाला, कशाच्या आधारे? तीन वर्षांनी वही उघडणाऱ्याला यातून फक्त एवढेच कळेल की त्या दिवशी काही माणसे एका खोलीत बसली होती.

तोच विषय असा लिहिला तर चित्र बदलते :

‘विषय क्र. ३ : प्रथम सत्राचा कार्यभार. प्रवेशक्षमता १६० धरून एकूण कार्यभार ७६ तास (लेखी २४, प्रात्यक्षिक ५२, २० विद्यार्थ्यांची बॅच धरून, प्रात्यक्षिकाचे तास पूर्ण मोजून). विभागप्रमुखांकडे १४, दोन सहायक प्राध्यापकांकडे प्रत्येकी १६. उर्वरित ३० तास तासिका तत्त्वावरील चार शिक्षकांकडे ८, ८, ८ व ६ याप्रमाणे. तपशील परिशिष्ट अ. प्रवेश पूर्ण झाल्यावर कार्यभाराचा फेरआढावा १५ सप्टेंबरपूर्वी घ्यावा. जबाबदारी : विभागप्रमुख.’

यात कोणीही सुंदर भाषा लिहिलेली नाही. पण आकडा आहे, तो कसा काढला ते कंसात आहे, कोणाकडे किती ते आहे, आणि पुढे काय करायचे, कधी करायचे, कोणी करायचे हेही आहे. प्रात्यक्षिकाचे तास पूर्ण मोजायचे की नाहीत, बॅच किती जणांची धरायची, यावर दरवर्षी वाद होतात. म्हणून ‘काय धरून’ मोजले, ते लिहिणे आकड्याइतकेच गरजेचे. ज्या आदेशाप्रमाणे मोजणी केली, त्याचा क्रमांक आणि तारीखही याच जागी द्यावी.

फेरआढाव्याचे ते शेवटचे वाक्य उगाच आलेले नाही. विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षाचे खरे दुखणे ऑगस्टमध्ये सुरू होते. अभियांत्रिकी आणि फार्मसीच्या प्रवेशफेऱ्या लागतात आणि जूनमध्ये बीएस्सीला नाव घातलेली मुले एकेक करून दाखला काढून जातात. आपल्या विभागात समजा सप्टेंबरच्या मध्याला १३१ विद्यार्थी उरले. २० च्या हिशेबाने आता ७ बॅचेस. आठवी बंद. तुकड्या दोनच राहिल्या, पण प्रात्यक्षिकाचे ४ तास कमी झाले. ७६ चे ७२, आणि नियमित शिक्षकांचे तास पूर्ण भरायचे असल्याने कपात तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आली : ३० चे २६. एका शिक्षकाकडचे ८ तास निम्म्यावर आले.

इथे दोन चुका होतात. पहिली, सप्टेंबरची सभाच होत नाही. बॅच तोंडी बंद होते, जूनचा तक्ता तसाच राहतो, आणि देयकातले तास व वहीतले तास जुळत नाहीत. देयक अडकते. दिवाळी जवळ आलेली असते आणि ज्याचे मानधन अडकले तो शिक्षक कार्यालयात खेटे घालत राहतो. दुसरी चूक जास्त गंभीर. कोणी तरी जूनचेच पान काढून ७६ चे ७२ करून टाकते. हेतू वाईट नसतो, ‘आता खरा आकडा हाच आहे ना’ अशी समजूत असते. पण जूनमध्ये ७६ हाच खरा आकडा होता आणि त्याच आकड्यावर नेमणुका झाल्या होत्या. तो पुसला, की जूनमध्ये चार जणांना नेमले का, याचे उत्तरच वहीतून निघून जाते. जूनचे पान जूनमध्ये जे ठरले ते सांगते, सप्टेंबरचे पान सप्टेंबरमध्ये काय बदलले ते सांगते. दोन्ही राहायला हवीत.

नियमित शिक्षकांचा या तक्त्याशी संबंध वेगळा. पदोन्नतीच्या वेळी, म्हणजे कॅसच्या अर्जात, अध्यापनाचे मूल्यमापन टक्केवारीने होते. नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले? २०१८ च्या विनियमांप्रमाणे ८० टक्के किंवा अधिक असेल तर ‘चांगले’, ७० ते ८० च्या दरम्यान ‘समाधानकारक’, आणि ७० च्या खाली ‘असमाधानकारक’. घेतलेले तास शिक्षकाच्या दैनंदिनीत सापडतात. पण नेमून दिलेले तास, म्हणजे या भागाकारातला छेद, विभागाच्या इतिवृत्तातून येतो.

एक उदाहरण घेऊ. सहायक प्राध्यापक असलेल्या मॅडमना आठवड्याला १६ तास, १५ आठवड्यांचे २४०. मध्ये तीन आठवडे त्या वैद्यकीय रजेवर होत्या. त्यांनी सत्रात १५६ तास घेतले. २४० पैकी १५६ म्हणजे ६५ टक्के, असमाधानकारक. पण वैद्यकीय रजेचा काळ या मोजणीतून वगळायचा असतो. तीन आठवड्यांचे ४८ तास वजा केले, की छेद १९२ होतो, आणि १५६ तास ८१ टक्क्यांच्या वर जातात. म्हणजे चांगले. काम तेच, माणूस तोच. त्या तीन आठवड्यांचे तास कोणी घेतले हे सभेत ठरले होते आणि वहीत लिहिले होते, तर रजेच्या आदेशासोबत ते पान जोडले की झाले. नाहीतर चार वर्षांनी समितीसमोर मॅडमना स्मरणशक्तीवर विसंबून सांगत बसावे लागते. या पानावर आजाराचे नाव मात्र लिहू नये. ‘वैद्यकीय रजा’ एवढे पुरते. अनुदानित कॉलेजांना माहिती अधिकार कायदा लागू आहे, आणि वहीची प्रत कोणीही मागू शकते.

वेळापत्रकाचा विषय दिसायला सोपा. कॉलेजची वेळापत्रक समिती मुख्य चौकट देते, विभागाने आपले तास त्यात बसवायचे. पण आपल्या या विभागाला प्रयोगशाळा एकच आहे. सकाळी एक आणि दुपारी एक, अशी दिवसाला दोन प्रात्यक्षिके, आठवड्याच्या सहा दिवसांत बारा. आणि प्रात्यक्षिके आहेत तेरा. हे गणित जूनच्या सभेतच दिसायला हवे. दिसले नाही, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन बॅचेस एकाच वेळी प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहतात आणि प्रयोगशाळा परिचराला कोणाला आत घ्यायचे ते कळत नाही.

समजा, सभेने तोडगा काढला : तृतीय वर्षाचे एक प्रात्यक्षिक गुरुवारी दुपारी उपकरण कक्षात घ्यायचे. तिथे गॅसची जोडणी नाही, म्हणून ज्या प्रयोगांना बर्नर लागत नाही तेवढेच तिथे ठेवायचे. इतिवृत्तात नुसते ‘तेरावे प्रात्यक्षिक उपकरण कक्षात’ असे लिहून भागत नाही. कोणते प्रयोग तिथे घ्यायचे नाहीत, ते आणि त्याचे कारणही लिहावे लागते. पुढच्या वर्षी विभागप्रमुख बदलतील, नव्या माणसाला कारण माहीत नसेल, आणि तो सोयीसाठी भलताच प्रयोग तिथे लावेल. (सप्टेंबरमध्ये आठवी बॅच बंद झाली तेव्हा तेराची बारा झाली आणि गुरुवारचे प्रात्यक्षिक पुन्हा प्रयोगशाळेत आले. हा बदलही त्याच सप्टेंबरच्या पानावर येतो.)

वेळापत्रकावरच मतभेद जास्त होतात. समजा, लांबून येणाऱ्या एका शिक्षिकेला आठवड्यातले चार दिवस सकाळी साडेसातचे प्रात्यक्षिक आले. सभेत त्या म्हणाल्या, ‘सर, मला दोन दिवस दुपारचे द्या, आणि हे इतिवृत्तात घ्या.’ बहुमताने तक्ता तसाच राहिला. अशा वेळी ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिणे खोटे ठरते. ‘बहुमताने मंजूर, एका सदस्याने सकाळच्या प्रात्यक्षिकांच्या वाटपाबाबत वेगळे मत नोंदवले व द्वितीय सत्रात अदलाबदल करण्याची विनंती केली’ हे खरे. यात कोणाचा अपमान नाही. उलट द्वितीय सत्राच्या सभेत ही विनंती आपोआप विषयपत्रिकेवर येते.

पर्यवेक्षणाचा विषय शेवटी घेतात, तेव्हा सगळे दमलेले असतात. पण परीक्षेच्या कामात मोकळीक नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षेच्या कामात सहकार्य करणे प्रत्येक शिक्षकावर बंधनकारक आहे. शिवाय कॅसच्या अर्जात परीक्षेच्या कामाची नोंद वेगळी मोजली जाते.

आपल्या विभागाला परीक्षा विभागाने सांगितले : सहा दिवस, रोज दोन सत्रे, प्रत्येक सत्राला दोन माणसे. म्हणजे २४ ड्युट्या. विभागप्रमुख वरिष्ठ पर्यवेक्षक, त्यांना ब्लॉक नाही. उरले सहा जण, प्रत्येकी चार. वाटप इथे संपत नाही. ज्याच्या विषयाचा पेपर त्याला त्या ब्लॉकवर ठेवायचे नाही. कोणाचा मुलगा किंवा मुलगी परीक्षेला बसली असेल, तर त्याने आधी सांगायचे. एखादा शिक्षक त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात बहिःस्थ परीक्षक म्हणून जाणार असेल, तर तेही आधीच. या सूचना ज्यांनी दिल्या, त्यांच्या नावासह इतिवृत्तात येतात, म्हणजे नंतर ‘मी सांगितले होते’ आणि ‘मला माहीत नव्हते’ असा वाद होत नाही.

खरी अडचण येते ती बदलीत. ‘सर, उद्या दुपारची माझी ड्युटी तुम्ही घ्याल का? परवा मी तुमची घेते.’ कॉरिडॉरमध्ये हे रोज चालते आणि त्यात काही गैर नाही. पण समजा त्याच दुपारी त्या ब्लॉकमध्ये कॉपी सापडली. प्रकरण चौकशीला गेले, तर ब्लॉकच्या अहवालावर एकाची सही आणि विभागाच्या यादीत दुसऱ्याचे नाव. विद्यार्थ्याच्या बाजूने पहिला प्रश्न येतो तो हाच : मुळात तो शिक्षक तिथे कसा? म्हणून विभागाने जूनमध्येच एक साधी गोष्ट ठरवून लिहावी : बदल आदल्या दिवशी दोघांच्या सहीने विभागप्रमुखांकडे द्यायचा, त्याची प्रत परीक्षा विभागात, आणि परीक्षा संपल्यावर प्रत्यक्ष झालेल्या ड्युट्यांचा तक्ता पुढच्या सभेच्या इतिवृत्ताला जोडायचा. वाटलेल्या आणि झालेल्या, दोन्ही याद्या वहीत राहतात.

वही खरी आहे की एका बैठकीत लिहून काढलेली, हे जाणत्या माणसाला कळते. नॅकची समिती यायच्या आदल्या आठवड्यात पाच वर्षांची इतिवृत्ते लिहून काढणारे विभाग नाहीत असे नाही, आणि ती पकडणेही अवघड नाही. सगळ्या सभा एकाच शाईत. सह्या एका तिरपेपणाच्या, जणू एकापाठोपाठ एक केलेल्या. सभेची तारीख पाहावी तर रविवार. मस्टरवर रजेवर असलेला माणूस सभेत हजर. आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे सभेत ज्या परिपत्रकाचा उल्लेख आहे, ते परिपत्रक सभेनंतर निघालेले. खरी वही वेगळी दिसते. तिच्यात एखादी सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झालेली असते, एखादा विषय पुढे ढकललेला असतो, एखादी चूक दुरुस्त केलेली असते.

चूक दुरुस्त करण्याचीही रीत आहे. मागच्या पानावर पांढरी शाई लावायची नाही, खाडाखोड करायची नाही. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना लिहायचे : ‘मागील सभेच्या विषय क्र. ३ मध्ये “१४ तास” ऐवजी “१६ तास” असे वाचावे. या दुरुस्तीसह इतिवृत्त कायम करण्यात आले.’ जुने पान जसेच्या तसे राहते. ‘असे वाचावे’ या दोन शब्दांत चूक मान्य होते, ती कधी लक्षात आली ते कळते आणि मूळ नोंदही शाबूत राहते. हल्ली इतिवृत्त संगणकावर टाइप करून वहीत चिकटवतात. तसे करताना सही अर्धी चिकटवलेल्या कागदावर आणि अर्धी वहीच्या पानावर येईल अशी करावी, म्हणजे कागद बदलता येत नाही. वहीच्या पानांना आधीच क्रमांक घालावेत. सभा संपल्यावर उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारावी.

आणि वही जपावी. जुन्या इमारतींमध्ये कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या वह्यांना पावसाळ्यात ओल येते, वाळवी लागते. त्याहून जास्त वह्या हरवतात त्या विभागप्रमुख निवृत्त होताना. इतर कागदांच्या गठ्ठ्यात वही घरी जाते आणि परत येत नाही. मराठीत ‘कार्यभार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, शिकवण्याचे तास आणि पदाची सूत्रे. सूत्रे सोपवण्याच्या यादीत, चाव्या आणि उपकरणांच्या नोंदवहीबरोबर, सभांच्या वह्या कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहेत ते लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि स्कॅन केलेली प्रत प्राचार्यांच्या कार्यालयात ठेवावी.

येत्या जूनमध्ये ज्या विभागांच्या सभा बसतील, त्यांनी पहिल्या विषयाला दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटे द्यावीत. मागच्या वर्षीचे आकडे मोठ्याने वाचावेत, आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक बाहेर उभे असतील तर त्यांनाही आत बोलवावे. त्या वहीत त्यांचेही तास आहेत.